गणपतीपुळे २ रात्री ३ दिवस: माझी शीट ७,९९९ म्हणते, साहेब ११,२४९ म्हणतात. फरक कुठून आला?

तिकीट_खिडकी

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका लहान सहल कंपनीत सध्या इंटर्न आहे. एका सहलीचं कॉस्टिंग करायला दिलं आहे. पुण्याहून शुक्रवारी सकाळी निघायचं, कुंभार्ली घाटाने चिपळूणमार्गे गणपतीपुळे. शनिवारी मालगुंड, जयगड, कऱ्हाटेश्वर. रविवारी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, तिथे थोडं फिरून आंबा घाटाने पुण्यात परत. १७ सीटर एसी टेम्पो ट्रॅव्हलर, १२ जण धरले आहेत.

माझा हिशोब असा आहे:

गाडी: जाताना ३२०, शनिवारी ५०, येताना ३५५, एकूण ७२५ किमी. २८ रुपयांनी २०,३००.
ड्रायव्हर भत्ता ५०० प्रमाणे तीन दिवसांचा १,५००. टोल आणि पार्किंग २,०००.
गाडीचे एकूण २३,८००. भागिले १२ म्हणजे माणशी १,९८३.
हॉटेल: खोली ४,००० रुपये रात्र, दोघांत, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. माणशी दोन रात्रींचे ४,०००.
दुपारची तीन जेवणं ३०० प्रमाणे ९००.
बेरीज ६,८८३. त्यावर १५% नफा म्हणजे ७,९१५. विकायला ७,९९९.

साहेबांनी शीट बघून एवढंच सांगितलं, "हा आकडा ११,२४९ यायला हवा. का ते शोध आणि सोमवारी सांग." दर सगळे मी स्वतः फोन करून घेतले आहेत, करासकट विचारले आहेत. माणशी सव्वातीन हजारांचा फरक कुठून येतो?

कोथरूडकर_अनिल

७,९९९ मध्ये फारच छान आहे. डिसेंबरात आम्हाला चार जागा हव्या आहेत. बुकिंग कुठे करायचं?

तिकीट_खिडकी

अनिलकाका, ही जाहिरात नाही हो, हिशोब तपासायला टाकला आहे. दर ठरला की सांगते.

घाटरस्ता

ताई, गाडीपासून सुरुवात करू.

बाहेरगावच्या गाडीचे किलोमीटर तुमच्या दारापासून मोजत नाहीत, गाडीमालकाच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात. गाडी हडपसर किंवा पिंपरीहून येत असेल तर जाताना २० आणि येताना २० सहज जातात. म्हणजे ७२५ चे ७६५ झाले.

पण खरा मुद्दा त्यापुढे आहे. टेम्पो ट्रॅव्हलरला रोजचे किमान ३०० किमी लागतात. तीन दिवसांचे ९००. गाडी ७६५ चालली तरी बिल ९०० चं येणार, म्हणजे २५,२००. शनिवारी जयगडला जाऊन आलात काय आणि दिवसभर किनाऱ्यावर बसलात काय, गाडीचे पैसे तेवढेच.

म्हणून आधी दोन्ही आकडे काढायचे आणि जो मोठा तो धरायचा. तुमच्या सहलीत १३५ किमी फुकट जात आहेत. कार्यक्रम आखतानाच हे दिसलं तर शनिवारी पावस किंवा गणेशगुळे जोडता येईल. गाडीचा खर्च एक रुपयाही वाढणार नाही आणि जाहिरातीत एक ठिकाण वाढेल.

टोलचे २,००० कसे काढले? जाताना उंब्रजला वळलात तर खेड-शिवापूर आणि आनेवाडी लागतात. येताना कराडवरून आलात तर तासवडेही लागतो. शिवाय १७ सीटर मिनीबसच्या दरात जाते, कारच्या नाही. कारचा दर धरला असेल तर बदला.

तिकीट_खिडकी

घाटरस्ता, खूप आभार. टोल मिनीबसचाच धरला आहे, पार्किंगसाठी थोडे वर ठेवले आहेत. ३०० किमी किमान हे मालकाने सांगितलं होतं, पण मला वाटलं ते एका दिवसाच्या सहलीसाठी असतं.

दरपत्रक

घाटरस्ता यांच्याशी एका बाबतीत असहमत. किमान ३०० हे सगळीकडे तीन दिवसांचे मिळून धरत नाहीत. काही मालक दिवसागणिक लावतात. शुक्रवारी ३४० चालली तर ३४०, शनिवारी ५० चालली तरी ३००, रविवारी ३७५. एकूण १,०१५. ९०० आणि १,०१५ मध्ये ३,२२० रुपयांचा फरक पडतो.

घाटरस्ता

पुण्यात सरासरीनेच चालतं. दिवसागणिक लावणारा मालक मी घेतच नाही.

दरपत्रक

तुमच्या ओळखीचे मालक सरासरी लावतात, कारण तुम्ही वर्षभर गाड्या घेता. नवीन माणसाला सीझनमध्ये दिवसागणिकच ऐकवतात. तिकीट_खिडकी, "एकूण ९०० किमी, सरासरीने" असं मालकाकडून मेसेजवर लिहून घ्या. तोंडी बोललेलं बिलाच्या वेळी कुणाला आठवत नाही.

आणखी एक विचारा: दिवस कसा मोजतात? बहुतेक ठिकाणी रात्री बाराला तारीख बदलली की नवा दिवस लागतो. तुमचा रविवार भरगच्च आहे. रत्नागिरीत थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, मग जेवण. तिथून दोनला निघालात तर आंबा घाट, चहा, रात्रीचं जेवण करत पुण्यात पोचायला साडेदहा ते अकरा. साताऱ्याच्या पुढे ट्रॅफिक लागलं आणि गाडी गॅरेजला साडेबाराला पोचली तर चौथा दिवस: ३०० किमीचे ८,४०० आणि भत्ता ५००. तुमचा अर्ध्याहून जास्त नफा तिथेच संपला. रत्नागिरीतून साडेबाराच्या आत निघायचं हे कार्यक्रमातच लिहा.

हिशोबवही

किलोमीटरचा मुद्दा बरोबर, पण त्याने माणशी चारशेच वाढतात. सव्वातीन हजारांचं मुख्य कारण वेगळं आहे. तीन गोष्टी सांगा. साहेबांचा आकडा किती माणसांवर आहे? सोबत टूर लीडर जातो का? आणि ११,२४९ करासकट आहे का?

तिकीट_खिडकी

आज विचारून आले. १० जणांवर, करासकट. लीडर जातो. त्याचं मानधन रोज १,५००, आणि हॉटेल त्याचा मुक्काम-जेवण रात्रीला १,५०० लावतं. ड्रायव्हरला डॉर्मिटरीत फुकट पलंग आहे. ऑफिसच्या शीटमध्ये "आकस्मिक" म्हणून सहलीमागे १,८०० ची ओळही असते. सकाळचा पहिला नाश्ता, पाणी आणि प्रवेश तिकिटं मी धरलीच नव्हती, त्यांचे माणशी ४०० होतात.

हिशोबवही

मग उत्तर हातात आहे. शीटचे दोन भाग करा. वरच्या भागात जे माणसं कमी-जास्त झाली तरी बदलत नाही ते. खालच्या भागात जे डोक्यामागे वाढतं ते. हे दोन एकमेकांत मिसळले की पुढचं सगळं चुकतं.

वरचा भाग: गाडी २५,२००, भत्ता १,५००, टोल-पार्किंग २,०००, लीडरचं मानधन ४,५००, त्याचा मुक्काम ३,०००, आकस्मिक १,८००. बेरीज बरोबर ३८,०००.

खालचा भाग माणशी: हॉटेल ४,०००, दुपारची जेवणं ९००, नाश्ता-पाणी-तिकिटं ४००. बेरीज ५,३००.

आता ३८,००० ला पैसे भरणाऱ्या माणसांनी भागा. लीडर मोजायचा नाही, तो पैसे भरत नाही.

८ जण: ४,७५० + ५,३०० = १०,०५०
१० जण: ३,८०० + ५,३०० = ९,१००
१२ जण: ३,१६७ + ५,३०० = ८,४६७
१४ जण: २,७१४ + ५,३०० = ८,०१४

या चार ओळींना स्लॅब म्हणतात. आठवरून दहावर जाताना माणशी ९५० वाचतात, बारावरून चौदावर जाताना साडेचारशेच. म्हणून खालच्या बाजूला एक माणूस गळला की जास्त दुखतं.

साहेबांनी दहाचा स्लॅब घेतला आहे. नुसता खर्चच ९,१००. तुमची विक्री ७,९९९.

पिंपळपान

मला वाटतं इतकं खोलात जायची गरज नाही. प्रत्येक ओळीत १०% वाढवून लिहायचं, म्हणजे विसरलेलं सगळं त्यात निघून जातं. गाडी २८ च्या जागी ३१, खोली ४,४००, जेवण ३३०. शेवटी नफा वेगळा.

हिशोबवही

पिंपळपान, काहीतरी हाताशी ठेवायला हवं हे तुमचं म्हणणं बरोबर. पण ते प्रत्येक ओळीत लपवलं की दोन अडचणी येतात. पुढच्या महिन्यात हॉटेलने दर ४,३०० केला तर शीटमधल्या ४,४०० कडे बघून तुम्हाला वाटेल की काही बदललंच नाही. आणि ग्राहकाने घासाघीस केली तर कुठवर खाली यायचं हे विकणाऱ्याला कळत नाही, कारण खरा खर्च शीटमध्ये कुठेच लिहिलेला नाही. मिळालेला दर जसाच्या तसा लिहा आणि हाताशी ठेवायची रक्कम एकाच ओळीत, नाव देऊन ठेवा. सहल संपल्यावर त्यातले किती गेले तेही बघता येतं.

पिंपळपान

पटलं, पण १,८०० ची ओळ फार लहान वाटते. आंबा घाटात दरड आली आणि दुसऱ्या घाटाने फिरून यावं लागलं तर?

घाटरस्ता

९०० पैकी १३५ किमी शिल्लक आहेत ना. तेवढा फेरा त्यातच बसतो. पावसाळ्यात मात्र आकस्मिकची रक्कम वाढवा, तेव्हा प्रश्न किलोमीटरचा नसून वाढलेल्या मुक्कामाचा असतो.

नारळीपोफळी

कोकणातून, खोल्या देणाऱ्याच्या बाजूने लिहितो आहे. चार हजार हा दर कुठल्या दिवसाचा घेतला? आमच्याकडे सोमवार ते गुरुवार एक दर, शुक्रवार-शनिवार वेगळा. गणपतीपुळ्याला त्याशिवाय अंगारकी आणि माघी गणेश जयंती असते. त्या दिवसांत गाभाऱ्यापासून रस्त्यापर्यंत रांग असते आणि खोलीचा दर कुणी फोनवर सांगतही नाही, आधी आगाऊ रक्कम मागतात. दिवाळी, नाताळ आणि मे तर वेगळेच. फोनवर "रेट काय?" एवढं विचारलं की समोरचा सगळ्यात कमी दर सांगतो. तारीख सांगून, जेवणात काय काय ते विचारून, मेलवर मागवा.

जेवणाचंही तसंच. "जेवण धरून" म्हणजे आमच्याकडे शाकाहारी थाळी. मासे वेगळे, आणि सुरमई-पापलेटचा दर बाजाराप्रमाणे रोज बदलतो. कोकणात येऊन मासे नाहीत म्हटल्यावर पाहुणे लीडरच्या मागे लागतात आणि ते पैसे कुणी द्यायचे यावर जेवणाच्या टेबलावर वाद होतो. थाळी शाकाहारी, मासे स्वखर्चाने, असं छापा.

खोल्याही मोजा. दहा जणांना पाच खोल्या हे कागदावर झालं. प्रत्यक्षात दोन जोडपी, तीन मैत्रिणी, आई आणि मुलगा, आणि एक एकटे गृहस्थ असे दहा येतात. मैत्रिणींना जादा गादी आणि त्या गृहस्थांना आख्खी खोली.

सायली_म

एकट्या माणसाचे जादा पैसे नेमके कसे काढतात? आमच्या सासऱ्यांना एका सहलीत खोलीचे सरळ दुप्पट लावले होते. ते योग्य होतं का?

हिशोबवही

सरळ दुप्पट योग्य नाही, सायलीताई. चार हजारांच्या खोलीत दोघांचं खाणं धरलेलं आहे. एकाचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण ५०० धरलं तर नुसत्या खोलीचे ३,००० झाले. एकटा माणूस ३,००० अधिक स्वतःचे ५०० देईल, म्हणजे ३,५००. दोघांत राहिला असता तर २,००० दिले असते. फरक १,५०० रात्रीचा, दोन रात्रींचा ३,०००. त्यावर कंपनीचा नफा आणि कर.

पण हॉटेलने तो भेद मानला तरच. काही हॉटेलं एकट्याकडूनही पूर्ण चार हजार घेतात आणि न खाल्लेल्या जेवणाची वजावट देत नाहीत. त्यामुळे "एकाचा दर काय" हे दर घेतानाच विचारायचं.

पिंपळपान

आणि लहान मुलांना निम्मे, बरोबर ना?

दरपत्रक

इथे बरेच जण फसतात. मूल आईवडिलांच्या पलंगावर झोपलं तर हॉटेलचे पैसे कमी होतात, जेवण निम्मं होतं. पण गाडीत त्याला सीट लागतेच. मुलाच्या दरात गाडीचा वाटा पूर्ण धरा आणि कपात फक्त खालच्या भागात द्या. दोन-तीन मुलं आली आणि सरसकट निम्मे लावले तर त्यांच्या सीटचा खर्च कंपनीच्या खिशातून जातो. मांडीवर बसणारं बाळ वेगळं, त्याला सीट नाही.

तिकीट_खिडकी

आता ९,१०० पर्यंत पोचले. ९,१०० वर १५% म्हणजे १०,४६५. त्यावर ५% कर धरला तर १०,९८८. साहेबांचा ११,२४९. अजून अडीचशे राहतातच!

हिशोबवही

तुम्ही खर्चावर १५% चढवले. साहेबांना विक्रीवर १५% हवे आहेत. १०,४६५ ला विकलं तर नफा १,३६५, आणि तो विक्रीच्या १३% च भरतो. विक्रीवर १५ हवे असतील तर खर्च म्हणजे विक्रीचे ८५%. म्हणून गुणायचं नाही, ०.८५ ने भागायचं. खर्च बी१२ या घरात असेल तर:

```
=B12/(1-15%)
```

९,१०० ÷ ०.८५ = १०,७०६. त्यावर ५% म्हणजे ११,२४१. नऊवर संपवायला ११,२४९.

ऑफिसात कुणी "पंधरा टक्के" म्हणालं की कशावर ते विचारून घ्या. एजंटमार्फत विकत असाल तर हे जास्तच लागतं. एजंटचे १०% विक्रीतून जातात, मग भागायचं ०.७५ ने. तोच खर्च, पण कराआधीची विक्री १२,१३३.

तिकीट_खिडकी

जुळलं! पण कराचं अजून नीट कळलेलं नाही. हॉटेलचा दर करासकट घेतला आहे. त्यावर आपण परत ५% लावतो. कर दोनदा नाही का लागत?

पिंपळपान

हॉटेलने घेतलेला जीएसटी आपल्याला परत मिळतो. क्रेडिट असतं ना. म्हणून खरं तर खर्च कराशिवाय धरायचा.

जमाखर्च_नगर

इतर धंद्यांत तसं असतं, टूर ऑपरेटरच्या ५% मध्ये नाही. हा ५% पूर्ण पॅकेजच्या रकमेवर लागतो आणि त्याची अटच ही आहे की खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घ्यायचं नाही. अपवाद एकच: दुसऱ्या टूर ऑपरेटरकडून घेतलेली सेवा. हॉटेलचा कर हा तुमचा खर्चच. ७,५०० पर्यंतच्या खोल्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५% झाला, तेवढा भार कमी झाला आहे. जुनी शीट कॉपी करून वापरत असाल तर त्यात १२ आहेत का बघा.

गाडीमालकाचं बिल कसं येतं त्यावरही हिशोब बदलतो. "प्लस जीएसटी" लिहिलेलं असेल तर २८ चा दर २८ राहत नाही.

पिंपळपान

गाडीमालक स्वतःच सहली काढत असेल तर त्याच्या बिलावर क्रेडिट मिळेल का?

जमाखर्च_नगर

त्याने बिल गाडीभाड्याचं दिलं की सहलीचं, यावर अवलंबून. यावर दोन मतं ऐकली आहेत, सीएला बिल दाखवल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. कॉस्टिंग करताना मिळणार नाही असंच धरा.

दादर_प

मुंबईहून हीच सहल असेल तर रेल्वे बघा. जनशताब्दीने रत्नागिरी, तिथून स्थानिक गाडी. तिकीट माणशी लागतं, म्हणजे हिशोबवहींच्या वरच्या भागातला मोठा आकडा खालच्या भागात जातो. सहा जणं आली तरी सहल काढता येते.

घाटरस्ता

मुंबईसाठी ठीक. पुण्याहून सोयीच्या वेळेला गाड्या मोजक्याच आहेत. आणि रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. कोकणची तिकिटं सुट्टीच्या दिवसांत तेव्हाच घ्यावी लागतात, म्हणजे ग्राहकांची नावं यायच्या आधी. नाव नसताना तिकीट काढायचं कुणाच्या नावाने? टेम्पो ट्रॅव्हलरला हा ताप नाही.

कोथरूडकर_अनिल

सगळं वाचलं. म्हणजे ७,९९९ नाहीच तर. पण मला दुसऱ्या एका कंपनीचं ८,९९९ चं पत्रक आलं आहे, हीच सहल. ते कसं देतात?

दरपत्रक

अनिलराव, त्यांच्या पत्रकात काय नाही ते बघा. लीडर आहे का? दुपारचं जेवण आहे का? कर वेगळा लिहिला आहे का? १७ च्या जागी २७ सीटर बस असेल तर वरचा खर्च पंचवीस जणांत वाटला जातो आणि तो दर खराही असू शकतो.

याच सहलीतला लीडर काढला तर वरचा भाग ३०,५०० होतो. १० जणांत खर्च ८,३५०, विक्री ९,८२४, करासकट १०,३१५. माणशी नऊशे वाचले. पण मग खोल्या वाटणं, जेवण सांगणं, रविवारी सगळ्यांना वेळेत गाडीत बसवणं हे ड्रायव्हरवर येतं. ओळखीचा, एकसंध गट असेल तर चालतं. दहा अनोळखी माणसांना मी लीडरशिवाय पाठवणार नाही.

हिशोबवही

तिकीट_खिडकी, सोमवारी साहेबांसमोर हे एक गणित जरूर ठेवा. ७,९९९ करासकट विकलं असतं तर कर वजा जाऊन हातात ७,६१८. त्यातून माणशी खर्च ५,३०० गेला की २,३१८ उरतात. ३८,००० भरून काढायला सतरा माणसं लागली असती. गाडीत सतरा सीट, एक लीडरची, विकायला सोळा. म्हणजे गाडी खच्चून भरूनही सहल ९१२ रुपयांनी तोट्यात. आणि सोळा माणसं तीन दिवसांच्या सामानासकट भरली तर बॅगा कुठे ठेवणार? मधल्या वाटेत ठेवाव्या लागतात. मी १७ सीटरमध्ये तेराच्या वर विकत नाही.

१०,७०६ ला विकलं तर माणशी ५,४०६ उरतात. सात जणांत जवळपास खर्च निघतो, दीडशेच कमी पडतात. आठवा माणूस आला की सहल नफ्यात. हा आकडा विक्रीच्या टेबलावर लिहून ठेवायचा, कारण निघण्याच्या आठवडाभर आधी "सहल काढायची की रद्द करायची" हा प्रश्न येतोच.

नारळीपोफळी

रद्द करायच्या आधी आमची रद्द करण्याची अट वाचा म्हणजे झालं. आठवड्याच्या आत खोल्या सोडल्या तर आगाऊ रक्कम परत मिळत नाही. आठवडाभर आधी ठरवणं आमच्याकडच्या हॉटेलांना उशिराचं आहे. दहा-बारा दिवस धरा.

तिकीट_खिडकी

सगळ्यांचे मनापासून आभार. नवीन शीट केली. दोन भाग, चार स्लॅब, मुलांचा आणि एकट्याचा दर वेगळा.

दोन गोष्टी राहिल्या. एक, आमच्याकडे या सहलीला सहसा बारा जण येतात असं विक्रीवाले म्हणतात. मग दर बाराच्या स्लॅबवर लावावा का? खर्च ८,४६७, विक्री ९,९६१, करासकट १०,४५९. साडेदहा हजारांच्या आत दिसतो.

दुसरी, नारळीपोफळी यांच्या सांगण्यावरून हॉटेलला तारखेसकट मेल केला. शुक्रवार ४,०००, पण शनिवार ४,६००. माणशी तीनशे वाढले. दहाच्या स्लॅबवर खर्च ९,४०० आणि करासकट ११,६१२ होतात. म्हणजे साहेबांच्या ११,२४९ मध्येही शनिवारचा दर धरलेला नाही.

दादर_प

बाराचा दर लावा. दहा हजारांच्या घरातला आकडा आणि अकरा हजारांच्या घरातला आकडा यात चौकशी करणाऱ्यांची संख्याच बदलते. दर चढा ठेवून आठ जण येण्यापेक्षा उतरता ठेवून बारा आलेले बरे.

हिशोबवही

मी दहावरच ठेवेन. सहसा बारा येतात हे मे आणि दिवाळीचं असतं. बाराचा दर लावून दहा आले तर नफा पंधराचा साडेआठावर येतो. दहाचा लावून बारा आले तर एकवीसच्या आसपास जातो आणि त्यातून शेवटच्या दोन जागांना सूट देता येते. दर छापल्यावर वाढवता येत नाही.

दादर_प

सूट देऊन विकायचं तर आधी पैसे भरणाऱ्याला ते गाडीत कळतंच. मग तीन दिवस तोच विषय. नाही पटलं.

दरपत्रक

या दोघांचं इथे मिटणार नाही. विक्रीवाल्यांकडून मागच्या वर्षीच्या याच महिन्यातल्या सहलींची खरी माणसं मागवा, सरासरी नको, प्रत्येक तारखेची वेगळी. आठ आणि सोळा यांची सरासरीही बाराच येते.

शनिवारच्या दराचं साहेबांना जाऊन नुसतं सांगू नका. हॉटेलचा मेल छापून शीटला जोडा आणि शुक्रवार-शनिवार दोन वेगळ्या ओळी दाखवा. त्याच मेलला उत्तर देऊन पाच खोल्या दोन्ही रात्री घेतो, शनिवार ४,३०० ला मिळेल का, हे सोमवारच्या आत विचारा.

तिकीट_खिडकी

मेल आत्ताच पाठवला. गाडीमालकाचा "९०० सरासरीने" हा मेसेजही आला आहे. दिवस रात्री बारालाच बदलतो म्हणाले, म्हणून रत्नागिरीचं जेवण साडेअकराला घेतलं आणि थिबा राजवाडा काढून टाकला.

घाटरस्ता

थिबा राजवाडा काढू नका, रत्नदुर्ग काढा. किल्ल्यावर वर-खाली चालण्यात ज्येष्ठांचा तास-दीड तास जातो, राजवाडा चाळीस मिनिटांत होतो. फक्त सुट्टीचा दिवस आणि उघडायची वेळ आधी फोन करून विचारा.